तीन पट्ट्या, तीन तारखा: जिल्ह्याच्या औषध खरेदी समितीला खुले पत्र

प्रति,
औषध खरेदी ठरवणाऱ्या समितीचे सन्माननीय सदस्य,
कोल्हापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या रुग्णांसाठी ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन आणि रॅमिप्रिल ही तीन औषधे एकाच कॅप्सूलमध्ये घ्यावीत, असा प्रस्ताव आपल्यासमोर होता. "तिन्ही औषधे सुटी उपलब्ध असल्याने एकत्रित गोळीची आवश्यकता वाटत नाही" असा एका ओळीचा शेरा मारून तो परत आला. आम्ही याच रुग्णांना रोज औषधे लिहितो, मोजून देतो आणि त्यांच्या घरी जाऊन पट्ट्या तपासतो. या ओळीतला "उपलब्ध" हा शब्द आम्हाला मान्य नाही. पत्र उघड लिहीत आहोत, कारण ज्यांच्या खिशाला आणि छातीला याची झळ बसते त्यांनाही हा हिशेब कळायला हवा.

सुरुवात पट्ट्यांपासून करतो. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅमची पट्टी बहुधा १४ गोळ्यांची असते. ॲटोरव्हास्टॅटिन १० किंवा १५ गोळ्यांच्या पट्टीत येते, रॅमिप्रिलचेही तसेच. समजा, महिन्याचे औषध द्यायचे आहे. ॲस्पिरिनच्या दोन पट्ट्या दिल्या, म्हणजे २८ दिवस झाले. रॅमिप्रिलच्या १५ च्या दोन पट्ट्या दिल्या, ३० दिवस झाले. ॲटोरव्हास्टॅटिनच्या १० च्या तीन पट्ट्या लागतात, पण कपाटात दोनच निघाल्या. म्हणून दोन दिल्या आणि "पुढच्या आठवड्यात येऊन जा" असे सांगितले. पुढच्या आठवड्यात येणे म्हणजे शाहूवाडीच्या किंवा चंदगडच्या वाडीवरून एसटी, एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि ऊसतोडीचा हंगाम असेल तर मुकादमाची बोलणी. रुग्ण येत नाही. २१ व्या दिवशी चरबीची गोळी संपते आणि शरीरात काहीच जाणवत नाही. २९ व्या दिवशी रक्त पातळ ठेवणारी गोळी संपते, तेव्हाही काही जाणवत नाही. ३१ व्या दिवशी तो केंद्रावर येतो. रजिस्टरमध्ये दोन्ही महिन्यांपुढे "औषध दिले" अशीच नोंद राहते. तिन्ही औषधे एकत्र पोटात गेली ते दिवस मात्र तीसपैकी वीसच.

हाच हिशेब साठ्याच्या बाजूनेही करून पाहा. प्रत्येक औषध केंद्रावर दहापैकी आठ वेळा मिळते असे धरा, आणि एकाच्या तुटवड्याचा दुसऱ्याशी संबंध नाही असेही धरा. मग तिन्ही एकाच दिवशी मिळण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे साधारण ५१ टक्के. आपल्या साठा-अहवालात तिन्ही औषधांपुढे ८० टक्के दिसतील आणि कुणाला काही खटकणार नाही. खिडकीसमोर उभ्या माणसाला मात्र पूर्ण औषध दोन खेपांतून एकदाच मिळेल. एकत्र गोळीचा साठाही ८० टक्केच राहिला तरी आलेल्या दहांपैकी आठ जण तिन्ही औषधे घेऊन घरी जातील. उलट बाजूही सांगतो: ती गोळी संपली की तिन्ही औषधे एकदम संपतात. म्हणून सुटी औषधे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ती लागणारच आहेत, आणि का लागणार तेही पुढे येते.

रुग्णाच्या डोक्यात या गोळ्यांची नावे वेगळी असतात: "रक्त पातळ करायची", "चरबीची" आणि "बीपीची". त्यातली बीपीची सगळ्यात आधी सुटते. मशीनवर १२०/८० आले की "आता बीपी नॉर्मल हाय, मग कशाला खायची" हे आम्ही रोज ऐकतो. रॅमिप्रिल इथे नुसत्या बीपीसाठी नाही, ॲटॅकनंतर हृदयावरचा ताण कमी ठेवण्यासाठी आहे, हे गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत किती जणांना पटते ते आपणही जाणता. एकाच गोळीत तिन्ही असली की यातली एक निवडून सोडता येत नाही. ही गोळी रुग्णाला काही शिकवत नाही, फक्त सोडून देण्याची एक वाट बंद करते.

आता पुराव्याकडे येऊ, कारण "हे परदेशी खूळ आहे" असे तोंडी म्हटले गेल्याचे आमच्या कानावर आहे. २०२२ मध्ये सिक्युअर या नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. युरोपातल्या सात देशांत, मागच्या सहा महिन्यांत ॲटॅक येऊन गेलेल्या २,४९९ वयस्कर रुग्णांना ॲस्पिरिन १००, ॲटोरव्हास्टॅटिन २० किंवा ४० आणि रॅमिप्रिल २.५ ते १० अशी एकत्र कॅप्सूल किंवा नेहमीची सुटी औषधे देण्यात आली. साधारण तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा ॲटॅक, पक्षाघात किंवा तातडीची अँजिओप्लास्टी-बायपास यांपैकी काही झालेले रुग्ण एकत्र गोळीच्या गटात ९.५ टक्के होते आणि सुट्या औषधांच्या गटात १२.७ टक्के. नियमित गोळ्या घेणारे दोन वर्षांनी ७४ विरुद्ध ६३ टक्के होते. यात एक गोष्ट चक्रावून टाकणारी आहे: दोन्ही गटांचे बीपी आणि कोलेस्टेरॉल जवळजवळ सारखेच राहिले. फायदा नेमका कुठल्या वाटेने झाला यावर जाणकारांचे अजून एकमत नाही, आणि ते आपल्यापासून लपवण्याचे कारण नाही.

भारतातलाही पुरावा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अम्पायर चाचणीत २,००४ जण होते, त्यातले निम्मे भारतातले. तिच्या कॅप्सूलमधली औषधे थोडी वेगळी होती, तत्त्व हेच. नियमित औषध घेणारे ८६ विरुद्ध ६५ टक्के निघाले. बीपी आणि कोलेस्टेरॉलमध्ये पडलेला फरक मात्र लहान होता. मृत्यू किंवा ॲटॅक कमी झाल्याचे त्या चाचणीने दाखवले नाही, तेवढी ती मोठी आणि लांब नव्हतीच. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन आणि रॅमिप्रिलची एकत्र गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली होती, तिचा दाखलाही कुणी देऊ नये. तो रोख अर्थ नसलेल्या मिश्रणांवर होता. ही तीन औषधे ॲटॅकनंतर बहुतेक रुग्णांना एकत्रच द्यायची असतात आणि त्यांची कॅप्सूल आजही औषध दुकानात मिळते.

मात्र दुकानात मिळते ती कॅप्सूल जशीच्या तशी घेऊ नका. आमची दुसरी तक्रार इथेच आहे. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमच असते. निविदेत फक्त तीन औषधांची नावे लिहिली तर सर्वांत स्वस्त म्हणून तीच येईल. १० मिलिग्रॅमने वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, साधारण ३७ ते ३९ टक्के उतरते. डोस दुप्पट केला की आणखी सुमारे ६ टक्के उतरते, असा ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या स्टॅटिन औषधांचा ठोकळेबाज नियम आहे. म्हणजे ४० ला जवळपास ५० टक्के. ॲटॅकनंतर ४० ते ८० द्यावे असे मार्गदर्शक सूचना सांगतात. १० ची गोळी घेऊन आपण नियमितपणा विकत घेऊ आणि औषध अर्धवट देऊ. रुग्ण एकही दिवस न चुकवता कमी डोस घेत राहील आणि कार्डावर सगळे हिरवे दिसेल. म्हणून ॲटोरव्हास्टॅटिन ४० आणि रॅमिप्रिल २.५, ५ व १० अशा तीन ताकदींच्या कॅप्सूल हव्यात. ॲस्पिरिन ७५ असो वा १००, आमची हरकत नाही.

तिसरी बाब पावसाची. ही तीन औषधे एकमेकांचे शेजारी म्हणून बरी नाहीत. ॲस्पिरिनला ओल लागली की ते फुटून सॅलिसिलिक आम्ल आणि व्हिनेगरचे आम्ल तयार होते. रॅमिप्रिल उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते. ॲटोरव्हास्टॅटिनला आम्ल सोसत नाही. म्हणून चांगल्या कॅप्सूलमध्ये तिन्हींची भुकटी एकत्र कालवलेली नसते, वेगवेगळ्या लेप दिलेल्या छोट्या गोळ्या किंवा दाणे आत असतात. अशी कॅप्सूल उघडून, चावून किंवा अर्धी करून घ्यायची नसते. आता गगनबावड्यातली किंवा राधानगरीतली जुलैची खोली डोळ्यांसमोर आणा: भिंतीला ओल, कपाटाच्या तळाशी बुरशी आणि पट्टी कापून कागदाच्या पुडीत दिलेल्या गोळ्या. आठवड्याने पुडी उघडली आणि व्हिनेगरचा आंबट वास आला, किंवा कॅप्सूल फुगलेली, चिकट झालेली दिसली, तर ती टाकून द्यायची. साध्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीपेक्षा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टी थोडी महाग पडते. इथे ती चैन नाही. आणि औषध पुडीत बांधून देणे बंद व्हावे, मग रुग्ण कितीही घाईत असो.

आता आक्षेपांमधला जो खरोखर वजनदार आहे तो घेतो: एकत्र गोळीने गोंधळ वाढेल. वाढू शकतो. कुठे वाढेल ते एका नमुन्यावर दाखवतो. ५८ वर्षांचा रुग्ण, दोन महिन्यांपूर्वी ॲटॅक, एक स्टेंट. त्याच्या पिशवीत काय निघते पाहा: ॲस्पिरिन आणि रक्ताची गुठळी रोखणारे दुसरे औषध क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली कॅप्सूल, ॲटोरव्हास्टॅटिन ४०, रॅमिप्रिल २.५, हृदयाचे ठोके आवरणारे मेटोप्रोलॉल. शिवाय गावाजवळच्या केंद्रात बीपी १५०/९० आले म्हणून मिळालेली टेल्मिसार्टन ४०. एकूण पाच.

टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल दोन्ही शरीरातल्या बीपी वाढवणाऱ्या एकाच साखळीवर काम करतात. दोन्ही एकत्र दिल्याने जादा फायदा होत नाही आणि मूत्रपिंडाला व पोटॅशियमला त्रास होतो, हे २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीने दाखवून दिले आहे. म्हणजे हा गोंधळ आजच, सुट्या गोळ्यांच्या राज्यात, पिशवीत बसलेला आहे. त्यात कुणी न पाहता आपली नवी गोळी टाकली तर ॲस्पिरिन दुप्पट होईल, स्टॅटिन दुप्पट होईल, रॅमिप्रिलही दुप्पट होईल.

बरोबर बदल असा होतो. आधी पिशवी टेबलावर पूर्ण रिकामी करायची, रुग्णाच्या तोंडी यादीवर विसंबायचे नाही. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडगोळी बंद करून क्लोपिडोग्रेल ७५ सुटे द्यायचे आणि ते कधी थांबवायचे ती तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहायची. ती साधारण ॲटॅकपासून बारा महिन्यांची असते आणि हृदयरोगतज्ज्ञाने ठरवलेली असते. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रॅमिप्रिलच्या सुट्या पट्ट्या काढून घ्यायच्या. टेल्मिसार्टन थांबवायचे. त्यांच्या जागी रॅमिप्रिल २.५ ची एकत्र कॅप्सूल. मेटोप्रोलॉल होते तसे. पाचाच्या तीन झाल्या, आणि क्लोपिडोग्रेलची तारीख आली की दोन. बीपी चढेच राहिले तर कॅप्सूल ५ ची आणि मग १० ची करायची. तरीही भागले नाही तर अम्लोडिपिन जोडायचे. सुरू करण्याआधी रक्तातले पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहायचे, सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत पुन्हा. क्रिएटिनिन मूळच्या ३० टक्क्यांहून जास्त वाढले किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेले तर रॅमिप्रिल थांबवून डॉक्टरांना दाखवायचे.

काढून घेतलेल्या पट्ट्या रुग्णाकडे परत द्यायच्या नाहीत. हे क्षुल्लक वाटेल, पण घरातल्या फळीवर राहिलेली जुनी पट्टी "महागाचं औषध, वाया कशाला घालवायचं" म्हणून नव्याच्या जोडीला पोटात जाते.

या गोळीची खरी मर्यादा वेगळीच आहे. तिघांपैकी एकालाच थांबवायची वेळ आली की ती उपयोगाची राहत नाही. रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो, कफ नसतो, रात्री घशात खवखवते. खोकल्याच्या बाटल्या देऊन तो जात नाही. अशा रुग्णाला सुटे ॲस्पिरिन, सुटे ॲटोरव्हास्टॅटिन आणि रॅमिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन द्यायचे. ओठ किंवा जीभ सुजली तर रॅमिप्रिल त्या क्षणी बंद, तातडीने दवाखान्यात, आणि आयुष्यात पुन्हा नाही. उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी गेले असेल तर बरे होऊन नीट खाऊ-पिऊ लागेपर्यंत रॅमिप्रिल थांबवायचे, त्या दिवसांत ॲस्पिरिन आणि स्टॅटिन सुटे द्यायचे. हे सांगितले नाही तर दोन गोष्टींपैकी एक घडते: जुलाब सुरू असताना रुग्ण कॅप्सूल घेत राहतो आणि मूत्रपिंड मार खाते, किंवा सगळेच बंद करतो आणि पुन्हा सुरू करत नाही. कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही रॅमिप्रिलसोबत मूत्रपिंडाला आणि ॲस्पिरिनसोबत जठराला महाग पडतात. काळी, डांबरासारखी शौच झाली तर वाट पाहायची नाही. गरोदर किंवा गरोदर राहू शकणाऱ्या स्त्रीला ही कॅप्सूल द्यायची नाही. ज्याला कधीच ॲटॅक किंवा मेंदूतल्या गुठळीचा पक्षाघात आलेला नाही, त्याला नुसता बीपी-शुगर आहे म्हणून ती वाटायची नाही, कारण तिथे ॲस्पिरिनच्या रक्तस्रावाचे पारडे जड होते. ही शेवटची भीती आम्हाला सर्वांत जास्त वाटते: साठा आला की शिबिरात वाटप होईल.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

पहिली: एकत्र कॅप्सूल खरेदी यादीत घ्यावी आणि निविदेत ॲटोरव्हास्टॅटिन ४०, रॅमिप्रिल २.५, ५ व १०, घटक वेगवेगळे राखलेली रचना, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिन्ही घटकांचा विरघळण्याचा चाचणी अहवाल ही अट म्हणून लिहावी. तीन ताकदींचे रंग लांबूनही वेगळे दिसले पाहिजेत. पट्टी १० ची असो वा १५ ची, तीसला भाग जाणारी हवी, १४ ची नको.

दुसरी: सुटे ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन, रॅमिप्रिल आणि सुटे क्लोपिडोग्रेल यांची खरेदी चालू राहावी. सुट्या क्लोपिडोग्रेलऐवजी ॲस्पिरिनसह जोडगोळी आली तर वर सांगितलेली दुप्पट मात्रा ठरलेलीच.

तिसरी: मागणी मागच्या वर्षीच्या खपावर न ठरवता नोंदलेल्या रुग्णांवर ठरवावी. तुटवड्यात खप कमीच दिसतो आणि पुढच्या वर्षी त्याहून कमी मागवले जाते. एका केंद्रात असे ४० रुग्ण असतील तर महिन्याला १,२०० कॅप्सूल, आणि तीन महिन्यांची शिल्लक धरून ३,६०० कपाटात असायला हव्यात. ताकदींची वाटणी केंद्राने दर तीन महिन्यांनी कळवावी, कारण नवा रुग्ण २.५ वर सुरू होऊन काही आठवड्यांत वर सरकतो आणि २.५ चा साठा पडून राहतो.

चौथी: प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एका खेपेला तीन महिन्यांचे औषध द्यावे. पावसाळ्याआधीच्या खेपेला तर नक्कीच.

पाचवी: ही कॅप्सूल फक्त ॲटॅक, स्टेंट, बायपास किंवा गुठळीच्या पक्षाघाताची कागदोपत्री नोंद असलेल्यांनाच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावी. शिबिरात वाटू नये. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी त्याच केंद्रातून विनामूल्य व्हावी. तपासणीसाठी रुग्णाला शहरात पाठवायचे असेल तर गोळी स्वस्त देऊन उपयोग नाही.

सहावी: साठा-अहवालात एक रकाना वाढवावा, "आज आलेल्यांपैकी किती जणांना तिन्ही औषधे ठरलेल्या सर्व दिवसांची मिळाली". पहिले सहा महिने हा आकडा एकत्र गोळीच्या आणि सुट्या गोळ्यांच्या केंद्रांतून वेगवेगळा काढा. आमचे म्हणणे चुकीचे निघाले तर तो आकडाच सांगेल आणि आम्ही प्रस्ताव मागे घेऊ.

पुढच्या वर्षाचे मागणीपत्र वर जाण्याआधी यावर लेखी उत्तर द्यावे. नकार असेल तर तोही कारणासह द्यावा, एका ओळीचा शेरा पुरणार नाही.

आपले,
हृदयविकाराच्या रुग्णांना औषधे लिहिणारे, देणारे आणि घरोघरी जाऊन तपासणारे
जिल्ह्यातील काही डॉक्टर, औषधनिर्माते आणि आरोग्यसेविका
कोल्हापूर